एफ अँड ओचा तोटा पगारातून वजा होत नाही, मग तो जातो कुठे?

प्रश्न: मी इंदूरला राहतो, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी आहे. २०२४-२५ चा पगार १० लाख. वरच्या मजल्याचे भाडे महिना १० हजार, एफडीचे व्याज ४६ हजार. एफ अँड ओमध्ये ३,३१,४०० गेले, इंट्राडेत ५२ हजार. एक शेअर आठ महिन्यांनी विकला त्यात ४० हजार गेले. नोव्हेंबरमध्ये जुना इक्विटी म्युच्युअल फंड विकला, त्यात १ लाख ६० हजार फायदा झाला. ऑफिसातले म्हणतात, सगळा तोटा पगारातून वजा कर, टीडीएस परत मिळेल. गेल्या वर्षीही एफ अँड ओत लाखभर बुडाले होते, ते आयटीआर-१ मध्ये दाखवलेच नाहीत. येत्या दसऱ्यापासून नोकरी सांभाळून माझ्या नावावर फराळ-नमकीनचा छोटा धंदा सुरू करणार आहे. तोट्याचे नेमके काय करू? ब्रोकरचे स्टेटमेंट जोडले आहे.

उत्तर:

पगार आधी बाजूला काढून ठेवा. धंद्याचा तोटा, मग तो एफ अँड ओचा असो की किराणा दुकानाचा, पगारातून वजा होत नाही. ही बंदी कलम ७१(२ए) मध्ये आहे आणि ती करनिर्धारण वर्ष २००५-०६ पासून चालत आली आहे. तरीही दर जुलैत कोणीतरी पोह्यांच्या प्लेटवर हाच सल्ला देतो आणि ऐकणारा माझ्याकडे येतो. आयटीआर-३ मध्ये Schedule CYLA नावाचा तक्ता आहे. चालू वर्षाचा कुठला तोटा कुठल्या उत्पन्नावर चढला हे तिथे दिसते, आणि त्यात पगाराच्या ओळीत धंद्याच्या तोट्याचा रकाना बंदच असतो. त्यामुळे टीडीएसच्या परताव्याचा तो हिशेब सोडून द्या.

पण पगार सोडला तर एफ अँड ओचा तोटा बराच कामाचा आहे, आणि हेच ऑफिसातल्या मंडळींना ठाऊक नसते. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या एफ अँड ओला कायदा सट्टा मानत नाही, साधा धंदा मानतो. साध्या धंद्याचा तोटा त्याच वर्षी भाड्यातून, व्याजातून आणि भांडवली नफ्यातूनही वजा होतो. इंट्राडेला मात्र कायदा सट्टा म्हणतो, कारण शेअरची डिलिव्हरी झालेलीच नसते. सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो. डिलिव्हरीने घेऊन विकलेल्या शेअरचा तोटा हा भांडवली तोटा, आणि तो भांडवली नफ्याबाहेर कुठेच जात नाही. स्क्रीन एक, ब्रोकर एक, पैसाही एकाच खात्यातून गेला, तरी तुमच्या तीन तोट्यांची तीन वेगळी गोत्रे आहेत. रिटर्न भरताना निम्म्या चुका या तिघांना एकत्र केल्याने होतात.

हिशेबाला बसण्यापूर्वी तुमचा पहिलाच आकडा दुरुस्त करावा लागेल. स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर एफ अँड ओचा ३,३१,४०० तोटा आहे, तो तुम्ही उचललात. पण तिसऱ्या शीटवर ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क, स्टँप ड्यूटी आणि जीएसटी मिळून ४८,६०० आहेत, आणि ते पहिल्या आकड्यात धरलेले नाहीत. धंद्याच्या उत्पन्नात हा सगळा खर्च मिळतो, एसटीटीसुद्धा. म्हणजे तुमचा खरा तोटा ३,८०,००० आहे. (५२ हजारांच्या इंट्राडेत मात्र ब्रोकरने शुल्क आधीच धरले आहे, ते पुन्हा धरू नका.) डिलिव्हरीच्या शेअरला उलटा नियम आहे. तिथे ब्रोकरेज वजा होते, एसटीटी होत नाही. सगळे ब्रोकर एकाच पद्धतीने स्टेटमेंट बनवत नाहीत, म्हणून आकडा निव्वळ आहे की ढोबळ, हे दरवर्षी शेवटच्या शीटपर्यंत जाऊन पाहायचे.

आता क्रमाने जाऊ. आधी भांडवली नफ्याचे घर आतल्या आत आवरायचे. आठ महिन्यांतला ४० हजारांचा तोटा अल्पकालीन आहे, आणि अल्पकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातूनही वजा होतो. (याच्या उलट होत नाही. दीर्घकालीन तोट्याला दीर्घकालीन नफाच लागतो.) फंडाचे १,६०,००० उणे ४०,००० म्हणजे उरले १,२०,०००.

मग घरभाडे. वर्षाचे १,२०,०००, त्यातून प्रमाणित ३० टक्के वजावट जाऊन ८४,०००. नगर निगमला तुम्ही भरलेला संपत्तिकर ३० टक्क्यांच्याही आधी वजा होतो. त्याचा आकडा तुम्ही दिला नाही म्हणून मी धरलेला नाही. पावती शोधा. व्याजाचे ४६,००० आहेत तसे.

या तिन्हींवर एफ अँड ओचे ३,८०,००० चढवायचे. भाडे आणि व्याज मिळून १,३०,००० पुसले गेले, फंडाच्या नफ्याचे १,२०,००० पुसले गेले, आणि १,३०,००० तोटा शिल्लक राहिला. खाली करपात्र उरला फक्त पगार. १० लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ९,२५,०००. नव्या पद्धतीत त्यावर सेस धरून ४४,२०० कर येतो. भाडे आणि व्याज तोट्याने पुसले गेले नसते तर १०,५५,००० वर ६०,५८० आला असता. म्हणजे यंदा १६,३८० रुपये वाचले. ऑफिसातल्यांनी सांगितले त्यापेक्षा कमी आहेत, पण हक्काचे आहेत.

एक गोष्ट तुम्हाला खटकेल. फंडाचा उरलेला नफा १,२०,००० होता आणि अशा नफ्याचे वर्षाला १,२५,००० करमुक्त असतात. म्हणजे त्यावर कर लागणारच नव्हता, तरी तुमचा तेवढा तोटा तिथे खर्ची पडला. हे असेच होते. सव्वा लाखाची सूट कर मोजताना येते आणि तोट्याची वजावट त्याच्या आधी होते. वर्षातल्या उत्पन्नावर चढू शकणारा तोटा मुद्दाम राखून ठेवता येतो का, यावर वाद घालता येतो आणि घातलाही गेला आहे. कलम ७२ मात्र पुढच्या वर्षी नेऊ देते ते वजा न होता उरलेलेच. कोटींचा मामला असता तर मी वकिलाशी बोललो असतो. सव्वा लाखाच्या आतल्या रकमेसाठी फॉर्म जसा चढवतो तसा चढू द्या.

इंट्राडेच्या ५२ हजारांना यंदा कोणी वाली नाही, कारण यंदा इंट्राडेत नफाच नाही. ते जसेच्या तसे पुढे जातील.

३१ मार्चनंतर तोट्याचा स्वभाव बदलतो, आणि हा भाग लोक विसरतात. ज्या वर्षी झाला त्या वर्षी एफ अँड ओचा तोटा भाड्यावर, व्याजावर, भांडवली नफ्यावर चालतो. पुढच्या वर्षात गेला की त्याचे दार अरुंद होते. तो फक्त धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. तुमचे उरलेले १,३०,००० पुढल्या वर्षी एफडीच्या व्याजाला हातही लावू शकणार नाहीत. मुदत आठ करनिर्धारण वर्षांची आहे. २०२५-२६ हे तोट्याचे करनिर्धारण वर्ष, म्हणून तो २०३३-३४ पर्यंत वापरता येईल. इंट्राडेच्या तोट्याला चारच वर्षे आहेत, म्हणजे २०२९-३० पर्यंत.

दार अरुंद आहे, पण तुमच्या बाबतीत नेमके उपयोगाचे. पुढे ओढलेला धंद्याचा तोटा त्याच धंद्याच्या नफ्यातून वजा झाला पाहिजे असे नाही. कुठलाही धंदा चालतो, फक्त तो त्याच माणसाच्या नावावर हवा. तुमचे फराळ-नमकीन तुमच्याच नावावर आहे, म्हणून एफ अँड ओत गेलेले पैसे शेव-चिवड्याच्या नफ्यातून वजा होतील. धंदा बायकोच्या नावावर काढलात तर एक रुपयाही होणार नाही.

किती फरक पडतो ते पाहा. समजा २०२५-२६ या आर्थिक वर्षात पगार, भाडे, व्याज तेवढेच राहिले, शेअर बाजारात तुम्ही काहीच केले नाही, आणि दसऱ्यापासून मार्चपर्यंत धंद्यातून २,१०,००० नफा सुटला. एकूण उत्पन्न १२,६५,००० होते. या वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण १२ लाख ओलांडले की सवलत जाते. किंचित ओलांडणाऱ्यांना एवढाच दिलासा आहे की कर १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत. तुमच्या बाबतीत ती वरची रक्कम ६५,००० आहे, सेससकट ६७,६००. आता धंद्याच्या २,१०,००० मधून जुने १,३०,००० वजा करा. धंद्याचा नफा ८०,००० राहिला, एकूण उत्पन्न ११,३५,००० झाले, कर शून्य. म्हणजे १,३०,००० च्या तोट्याने ६७,६०० वाचवले. एवढे चांगले गणित दरवर्षी जुळत नाही, पण ‘तोटाच झाला, तर दाखवायचा कशाला’ म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

त्या वर्षी इंट्राडेत नफा झाला तर? त्यातून आधी यंदाचे ५२ हजार वजा करा, कारण त्यांची मुदत आधी संपते आणि त्यांना दुसरे घरच नाही. तरी नफा उरला तर एफ अँड ओचा जुना तोटाही तिथे चालतो, कारण सट्टा हाही शेवटी धंदाच. याउलट सट्ट्याचा तोटा फराळाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तो रस्ता एकेरी आहे.

एवढे सगळे एका तारखेवर टांगलेले आहे. धंद्याचा, सट्ट्याचा आणि भांडवली तोटा पुढे न्यायचा तर त्या वर्षीचे रिटर्न मुदतीत भरलेले हवे. कलम ८० दुसरे काही ऐकत नाही. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ साठी ऑडिट नसलेल्यांची ३१ जुलैची तारीख आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर २०२५ केली होती. उशिरा भरलेत तर त्या वर्षातल्या वर्षात होणारी वजावट मिळते, म्हणजे तुमचे १६,३८० वाचतील. पण १,३०,००० आणि ५२,००० कायमचे जातील. पुढच्या वर्षांची भीती मात्र नको. यंदा वेळेत नोंदलेला तोटा पुढल्या एखाद्या वर्षी रिटर्न उशिरा गेले म्हणून रद्द होत नाही. अट तोटा झाला त्या वर्षाच्या रिटर्नची आहे.

आणि ‘भरले’ याचा अर्थ अपलोड केले एवढाच नाही. अपलोड केल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केले नाही तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच भरल्याची तारीख धरली जाते. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. मागच्या वर्षी रामबागेतल्या एका जुन्या अशिलाचे रिटर्न आम्ही २९ जुलैला अपलोड केले. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जात होता आणि मुलगा पुण्याला. ‘संध्याकाळी करतो’ म्हणाले, माझ्या ऑफिसात कोणी पाठपुरावा केला नाही, आणि व्हेरिफिकेशन झाले ६ सप्टेंबरला. रिटर्न मुदतीनंतरचे ठरले आणि २ लाख ७० हजारांचा एफ अँड ओचा तोटा पुढे गेला नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर नियम आहे, तोट्याचे रिटर्न असेल तर अशील समोर बसलेला असताना ओटीपी घालायचा, मग चहा.

फॉर्म आयटीआर-३ लागेल. १ आणि २ मध्ये धंद्याच्या उत्पन्नाला जागाच नाही. भरून झाल्यावर पीडीएफ उघडून Schedule CFL पाहा. तुमच्या पुढे गेलेल्या तोट्यांची वही म्हणजे हाच तक्ता. त्यात या वर्षासमोर धंद्याच्या रकान्यात १,३०,००० आणि सट्ट्याच्या रकान्यात ५२,००० दिसले पाहिजेत. दोन्ही एकाच रकान्यात १,८२,००० होऊन बसले असतील तर इंट्राडे चुकीच्या जागी पडले आहे. पुढे कलम १४३(१) ची सूचना आली की तिच्यातही हेच आकडे ताडून पाहा. बरेच जण परतावा किती एवढेच पाहून मेल बंद करतात, आणि तिसऱ्या वर्षी वजावट नाकारली गेली की कळते, पहिल्याच वर्षी तिथे शून्य होते.

जुनी पद्धत की नवी, हे आता तुम्हाला नुसत्या नोकरदारासारखे दरवर्षी बदलता येणार नाही. एफ अँड ओमुळे तुमच्याकडे धंद्याचे उत्पन्न आले. जुनी पद्धत हवी असेल तर मुदतीत १०-आयईए फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा जुनीकडे जाऊन परत नवीकडे आलात की धंदा असेतोवर पुन्हा जुनी मिळत नाही. गृहकर्ज वगैरे तुम्ही काही लिहिलेले नाही. नवीच ठेवा.

‘तोटा आहे म्हणजे ऑडिट लागणारच’ असेही कोणीतरी सांगेल. एफ अँड ओची उलाढाल म्हणजे कॉन्ट्रॅक्टची किंमत नव्हे. प्रत्येक सौद्याचा नफा किंवा तोटा, चिन्ह काढून टाकून, केलेली बेरीज म्हणजे उलाढाल. एका सौद्यात ४० हजार मिळाले, दुसऱ्यात १,२०,००० गेले, तिसऱ्यात १५ हजार मिळाले, तर निव्वळ तोटा ६५ हजार, पण उलाढाल १,७५,०००. तुमच्या शीटवरून ती साधारण १९ लाख निघते. सगळा व्यवहार बँकेतून असेल तर ऑडिटची मर्यादा १० कोटी आहे. तुम्हाला ऑडिट लागत नाही. फराळाच्या धंद्यात रोख गल्ला आला की मात्र गणित बदलू शकते, आणि त्यासाठी कलम ४४एडीचा ठोक नफा दाखवायचा विचार असेल तर आधी येऊन बोला. त्यात एकदा शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडले की ऑडिट मागे लागू शकते.

राहिला गेल्या वर्षीचा लाख. तो आयटीआर-१ मध्ये दाखवायचाच नव्हता, फॉर्मच चुकीचा होता. सुधारित रिटर्नची वाढवलेली मुदतही १५ जानेवारी २०२५ ला संपली. ‘अपडेटेड रिटर्न भरून टाकू’ असे कोणी म्हणेल, पण तोटा मागण्यासाठी ते भरता येत नाही. एकच खिडकी उरते. कलम ११९(२)(बी) खाली प्रधान आयकर आयुक्तांकडे विलंबमाफीचा अर्ज. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो, आणि एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय त्यांच्याच पातळीवर होतो. म्हणजे तुमचा कागद व्हाइट चर्चसमोरच्या आयकर भवनातच जाईल. पण उशीर का झाला याचे सबळ कारण आणि त्याचे कागद लागतात, दवाखान्याचे किंवा तसलेच काही. ‘माहीत नव्हते’ हे कारण म्हणून टिकत नाही. आणि वरचे गणित पुन्हा पाहा. पुढल्या वर्षी तुमचा कर तसाही शून्यावर येतो आहे, म्हणजे त्या लाखाचा लगेच उपयोग काहीच नाही. कारणाचे कागद नसतील तर मी तुमच्याकडून त्या अर्जाची फी घेणार नाही.

शेवटचे, तुम्ही विचारलेले नाही तरी. त्या लाखात सराफ्याकडच्या कुठल्या ‘डब्ब्या’वर गेलेले पैसे असतील, तर ते या हिशेबात आणूच नका. तिथे कॉन्ट्रॅक्ट नोट नाही, एक्स्चेंज नाही, आणि तो व्यवहारच बेकायदा आहे. यंदाच्या ३,८०,००० पैकी प्रत्येक रुपयाची कॉन्ट्रॅक्ट नोट ब्रोकरच्या मेलमध्ये आहे का, ते या रविवारी बसून पाहा आणि एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. हा तोटा २०३३-३४ पर्यंत वापरता येणार आहे, आणि तोवर ब्रोकर किंवा तुमचा मेल आयडी, दोन्हींपैकी एक तरी बदललेला असेल.